यादीतल्या औषधाची किंमत नेमकी कुठे निसटते?

दारव्ह्याचा शेतकरी: मेटफॉर्मिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, असे वाचले. मग वडिलांच्या मधुमेहाच्या गोळ्या दर महिन्याला एवढ्या महाग का पडतात?

औषधविक्रेता, पुसद: स्ट्रिपवरचे बारीक अक्षर वाचा. तिथे मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइडही लिहिलेले असेल, तर उत्तर तिथेच आहे. यादीत ही दोन्ही औषधे स्वतंत्रपणे, ठरावीक मात्रेत आहेत. त्यांची एकत्रित गोळी मात्र नाही, त्यामुळे यादीतल्या औषधासाठी सरकारने ठरवलेली कमाल किंमत तिला लागू होत नाही. अशा काही गोळ्यांची किंमत राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण कंपनीनिहाय ठरवते, पण सगळ्या कंपन्यांना मिळून एकच मर्यादा राहत नाही.

निवृत्त व्यावसायिक, अमरावती: सरकार उत्पादनखर्च मोजून भाव पाडते आणि कंपन्या औषध बनवणेच सोडून देतात. नियंत्रण काढून टाका, स्पर्धेने भाव आपोआप उतरतील.

औषधविक्रेता, पुसद: खर्चावर आधारलेली पद्धत १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाची होती. २०१३ पासून, ज्यांचा बाजारातील वाटा किमान १ टक्का आहे अशा कंपन्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी काढून तीवर १६ टक्के मिळवतात. समजा, दहा गोळ्या तीन कंपन्यांकडून ८, १२ आणि २५ रुपयांना येतात. सरासरी १५ रुपये, त्यावर २.४० रुपये, म्हणजे कमाल किंमत १७.४० रुपये, आणि कर वेगळा. २५ रुपयांवाल्याला खाली यावे लागते, पण त्याच्याच महाग भावाने ही सरासरी आधी वर ओढलेली असते. तुमचे अर्धे म्हणणे मात्र खरे आहे: ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंझिल पेनिसिलिन, सालब्युटामॉल यांसारख्या आठ औषधांच्या काही प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवावी लागली, कारण त्या भावात ती बनवणे परवडत नव्हते.

शिक्षिका, सिंदेवाही: माझ्या भावाला सिकलसेल आहे. हायड्रॉक्सियुरिया यादीत आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पण साठा संपला की आम्ही नागपूरहून आणतो. तेव्हा कॅप्सूलपेक्षा एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी जड जाते. ही किंमत कोणत्या यादीत येते?

निवृत्त व्यावसायिक, अमरावती: तो पुरवठ्याचा प्रश्न झाला, किमतीचा नव्हे.

शिक्षिका, सिंदेवाही: पैसे आमच्याच खिशातून जातात, मग हा फरक आम्हाला कसा कळावा?

औषधविक्रेता, पुसद: यावर माझ्याकडे उत्तर नाही. दारव्ह्याच्या दादांनी मात्र एकत्रित गोळीऐवजी दोन वेगळ्या गोळ्या चालतील का, हे डॉक्टरांना विचारावे. कित्येकदा त्या स्वस्त पडतात, पण मेटफॉर्मिन हळूहळू विरघळणारे आहे की साधे, हे जुळवावे लागते. म्हणून दुकानात परस्पर बदल करू नये.