जर्मन शेफर्डचं पोट फुगलं, सुईने हवा काढली. आता नागपूरला न्यावं का?

कपाशीवाला, सकाळी ६.१०
वणीजवळच्या खेड्यात राहतो. शेरू आमचा, ७ वर्षांचा, ३४ किलो. काल संध्याकाळी मोठं भांडंभर वरण-भाकर एका दमात खाल्ली आणि शेतात हुंदडला. नऊच्या सुमारास ओकाऱ्या काढू लागला, बाहेर मात्र नुसता पांढरा फेस. साडेदहाला पोट डफासारखं ताठ. गुरांचे डॉक्टर आले, उजव्या कुशीत जाड सुई घातली, फुस्स करून हवा गेली. मागच्या पायातून एक सलाईन दिलं. पोट बसलं, शेरू झोपला. घरचे म्हणतात बरा झाला. मला मात्र पोट परत वर आल्यासारखं वाटतंय. ऑपरेशन लागतंच का?

धुऱ्यावरचा, ६.२५
राजेहो, आमच्या बैलाचं पोट लय वेळा फुगलं. जवसाचं तेल पाजलं का मोकळा होते. कुत्र्याले थोडं कमी पाजा अन् फिरवा.

नंदिनी, ६.३१
आमच्या लॅब्राडॉरने मळलेली कणीक खाल्ली होती. डॉक्टरांनी तोंडातून नळी घातली, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. नळी आत गेली म्हणजे जठर फिरून पीळ पडलेला नाही, असं समजा. आधी तेवढंच करून बघा.

पशुवैद्य, ६.४०
तेल, सोडा, पाणी काहीही पाजू नका. बैलाच्या पोटातला फेस तेलाने मोडतो. इथे पीळ पडला असेल तर जठराची दोन्ही तोंडं आवळलेली असतात. तेल पुढे जाणार नाही, उलट ओकारीत फुप्फुसात जाईल.

नंदिनीताई, तुमच्या लॅबचं जठर फुगलं असेल, फिरलं नसेल. पण पीळ असतानाही नळी कधी कधी आत जाते, म्हणून त्यावरून निकाल लावू नका. तो एक्स-रेनेच कळतो.

कपाशीवाले, आत्ता तीन गोष्टी बघून लिहा. हिरडीवर बोट दाबून सोडा, रंग किती वेळात परततो? मागच्या मांडीच्या आतून नाडी १५ सेकंद मोजा. पंजे गार आहेत का?

कपाशीवाला, ६.५८
हिरड्या पांढुरक्या, रंग यायला तीन सेकंद तरी लागतात. नाडी १५ सेकंदात ४२, तीही बारीक. पंजे गार. पोटावर टिचकी मारली तर पोकळ वाजतं.

पशुवैद्य, ७.०५
मिनिटाला १६८ झाले. तो झोपलेला नाही, शॉकमध्ये आहे. फुगलेलं जठर पोटातली मोठी शीर दाबतं, मागच्या भागातलं रक्त हृदयाकडे परतत नाही. म्हणूनच मागच्या पायातलं सलाईन फारसं वर पोचत नाही. डॉक्टरांना बोलवा, पुढच्या पायात सुई लावायला सांगा. किलोला २० मिली धरलं तर साधारण ७०० मिली, पंधरा-वीस मिनिटांत, मग नाडी-हिरड्या परत बघायच्या. उजवीकडे शेवटच्या बरगडीमागे, जिथे सगळ्यात पोकळ वाजतं तिथे १४ नंबरच्या सुईने परत हवा काढायची. बद्द वाजेल तिथे नाही, तिथे प्लीहा असू शकते.

हे सगळं फक्त तीन तासांचा रस्ता गाठण्यापुरतं. सुईने हवा जाते, पीळ सुटत नाही. डॉक्टरांना गाडीत सोबत घ्या. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात निघण्याआधी फोन करा. आणि घरी आत्ताच बोलून ठेवा: पोट उघडल्यावर जठर काळं पडलेलं निघालं तर तो भाग कापून पुढे जायचं की थांबायचं? टेबलावर असताना हा प्रश्न फोनवर आला की माणूस गोंधळतो.

कपाशीवाला, तीन दिवसांनी
उशिरा लिहितोय, माफ करा. वाटेत हिंगणघाटजवळ परत हवा काढावी लागली. उजव्या कुशीवर झोपवून एक्स-रे काढला, जठराचे दोन फुगे दिसत होते, मध्ये रेघ. पीळ होताच. आधी सलाईन आणि नळी, नाडी खाली आल्यावरच पोट उघडलं. जठराच्या मोठ्या कडेला तळहाताएवढा राखाडी भाग होता. सरळ करून दहा मिनिटं थांबले, तर गुलाबी झाला. कापावं लागलं नाही. जठर उजव्या बाजूच्या भिंतीला शिवलं. दुसऱ्या रात्री हृदयाचे ठोके बिघडले, शिरेतून लिग्नोकेन चालू केलं, काल दुपारपासून ठीक. आज चमचाभर भात चाटला.

धुऱ्यावरचा
बरं झालं भाऊ, तेल नाही पाजलं. पण भिंतीले शिवलं कावून?

पशुवैद्य
नुसतं सरळ करून सोडलं तर बहुतेक कुत्र्यांत पीळ परत पडतो. शिवल्यावर क्वचितच. फुगणं मात्र तेव्हाही होऊ शकतं, म्हणून ओकारी आणि फेस दिसला की परत तपासायचंच.

कपाशीवाला
शेरूची सख्खी बहीण राणी घरीच आहे. तिचं अजून काही झालं नाही, तरी शिवून घ्यावं का? आणि भांडं उंचावर ठेवावं असं एकाने सांगितलं.

पशुवैद्य
नात्यात झालं असेल तर धोका वाढतो. तिची नसबंदी करणार असाल तर त्याच भुलीत शिवून घ्या, मी तरी तेच करेन. भांडं मी जमिनीवरच ठेवायला सांगतो. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत वाटून द्या.

नंदिनी
आमच्याकडे तर डॉक्टरांनीच उंच स्टँड घ्यायला लावला होता. आता काढू का?

पशुवैद्य
मानेचा किंवा अन्ननलिकेचा त्रास होता का, ते आधी त्यांना विचारा. त्यासाठी दिलं असेल तर माझ्या सांगण्यावरून काढू नका.