बॅकफ्लशची एंट्री पंप पॅक झाल्यावर की विक्री झाल्यावर?

अकाउंटंट, वेर्णा
आमच्याकडे पाण्याचे छोटे पंप जुळवतात. सुटे भाग जवळजवळ रोज येतात, पंप रोज जातात. लाइनवर भाग देताना इश्यू स्लिप नाही, बॅकफ्लश आहे, म्हणजे वापरलेल्या भागांची नोंद मागाहून एकदम. पंप टेस्ट होऊन पॅक झाला की बीओएमप्रमाणे, म्हणजे एका पंपाला लागणाऱ्या भागांच्या यादीप्रमाणे, एंट्री पडते. नवे फायनान्स हेड म्हणतात, एंट्री थेट विक्रीवर न्या, काम कमी होईल. मागच्या महिन्याचे आकडे असे, सुरुवातीचा साठा शून्य धरा: खरेदी 41,00,000, मजुरी-वीज वगैरे कन्व्हर्जन खर्च 12,30,000. पॅक झाले 10,000 पंप, विकले 9,600. आधी ठरवलेला स्टँडर्ड खर्च दर पंपाला भाग 400, कन्व्हर्जन 120. तुम्ही कुठली पद्धत घ्याल?

सीए, फोंडा
विक्रीवर न्या, मी तुमच्या हेडच्या बाजूने आहे. आज पॅकिंगला तयार मालात 52,00,000 जातात आणि विक्रीला त्यातले 49,92,000 बाहेर येतात. कन्व्हर्जनचे 12,00,000 वाटले गेले, उरलेले 30,000 विकलेल्या मालाच्या खर्चात. म्हणजे एकूण 50,22,000. एंट्री विक्रीवर नेली की 9,600 पंपांचेच कन्व्हर्जन वाटले जाते, 11,52,000. उरलेले 78,000 विकलेल्या मालाच्या खर्चात, एकूण 50,70,000. फरक 48,000, म्हणजे न विकलेल्या 400 पंपांचे 120 रुपये. एवढ्यासाठी महिन्याला दहा हजार नगांच्या हिशेबाची दोन पायऱ्यांची कटकट कशाला?
दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पॅकिंगला खर्च साठ्यात जातो, तेव्हा सुपरवायझरला महिनाअखेर गिऱ्हाईक नसताना पंप जुळवून ठेवायचा मोह होतो. नफा चांगला दिसतो. विक्रीवर एंट्री असली तर पडून राहणाऱ्या पंपाचं कन्व्हर्जन त्याच महिन्याच्या नफ्यातून जातं, मग कुणी उगाच जुळवत नाही.

एम.कॉम. विद्यार्थी, मडगाव
पण सर, साठ्याच्या मूल्यांकनाच्या एएस 2 या मानकात तयार मालाला कन्व्हर्जन धरावंच लागतं. म्हणजे विक्रीवरची पद्धत बेकायदेशीर झाली ना? आणि बॅकफ्लश स्टँडर्डवर चालतो, तोही चालणार नाही.

सीए, फोंडा
पहिलं निम्मं बरोबर, दुसरं चूक. स्टँडर्ड दर खऱ्या खर्चाच्या जवळपास असेल आणि वेळोवेळी तपासला जात असेल तर एएस 2 ला तो चालतो. आणि महिन्याच्या पुस्तकात एंट्री कधी टाकली यावर ताळेबंद ठरत नाही. 31 मार्चला शिल्लक पंप मोजून त्यांचं कन्व्हर्जन साठ्यात परत घातलं की झालं. 400 पंपांसाठी ती एक एंट्री आहे.

काजूवाला, डिचोली
आमच्या काजू कारखान्यात आमच्या अकाउंटंटने हेच करून बघितलं. बिया मार्च ते मे घेतो, फोडतो वर्षभर. एका किलो बीतून किती गर येणार हे पोत्यापोत्याला वेगळं, वर अख्खा, फाकी, तुकडा वेगवेगळ्या भावाने. तीन महिन्यांत पुस्तकातल्या बिया आणि गोदामातल्या बिया यांचा मेळ बसेना. शेवटी जुनी लॉट स्लिप परत आणली. माझं मत, बॅकफ्लश नकोच.

जुना कॉस्टवाला, कुंडई
काजूवाले बाब, तुमचा अनुभव खरा, पण तुमचा साठा महिन्यांचा आणि उतारा बदलता. तिथे बॅकफ्लश बसतच नाही. ताईंच्या पंपाला सील एकच लागतं, तिथे तो बसतो.
पण विक्रीवर मी जाणार नाही. सीए साहेब नफ्याच्या 48,000 चं बोलतात, ते मला मान्य आहे. माझी भीती भंगाराची आहे. ताई, तुमच्याच आकड्यांवर एक रबरी सील घेऊन बघू. समजा 10,600 आली. दर पंपाला एक. बसवताना फाटली 300, ती भंगारात. बिनमध्ये हाताने मोजली तर 300 उरतात. पॅकिंगवर एंट्री असेल तर पुस्तक 600 दाखवतं. फरक 300. त्याचं कारण बहुधा भंगार किंवा चुकीचं बीओएम. त्याच दिवशी बेंचवर जाऊन विचारता येतं.
विक्रीवर एंट्री असेल तर पुस्तक 1,000 दाखवतं, कारण पॅक झालेल्या 400 पंपांतली सीलंही अजून कच्च्या मालातच आहेत. फरक 700. स्टोअरकीपर म्हणतो, "ती पंपांत बसलीत." त्यातली 400 खरोखर तिथे आहेत, म्हणून आपण मान डोलावतो, आणि 300 त्या उत्तरात लपून जातात. पुढच्या महिन्यात आणखी 300.
मी एका कारखान्यात हे सहा महिने चाललेलं पाहिलंय. सिस्टिममध्ये सीलं भरपूर, म्हणून पुरवठादाराला मागणीचं कार्ड गेलं नाही, आणि एका मंगळवारी सकाळी बिनचा तळ दिसला. 18 रुपयांच्या सीलासाठी दोन शिफ्ट बंद. मालक मला विचारत होते, पुस्तकात तर आहेत ना? मला उत्तर देता आलं नाही, ते अजून टोचतं.
ओळखायची खूण सोपी आहे. फरक शिल्लक पंपांबरोबर वर-खाली होत असेल तर तो एंट्रीच्या वेळेचा. उत्पादनाबरोबर वाढतच जात असेल तर ते भंगार आहे.

सीए, फोंडा
पटलं, पण दोष विक्रीच्या एंट्रीचा नाही. शिल्लक पंप बीओएमने सुट्या भागांत फोडून पुस्तकातून वजा करा, तेच 300 मिळतात. सिस्टिम हे एका रिपोर्टमध्ये देते. आणि बेंचवर भंगार स्लिप भरली तर प्रश्नच मिटला.

स्टोअर्स, पिसुर्ले
स्लिप कोणी भरत नाही, साहेब. टार्गेट मागे असताना फाटलेलं सील जमिनीवर जातं. आमच्याकडे बेंचखाली लाल पेटी ठेवली. शिफ्ट सुटताना दोघांसमोर उलटी करून मोजतात आणि एकच आकडा टाकतात. पहिल्या आठवड्यात पेटी रिकामी असायची, सुपरवायझर स्वतः उभा राहायला लागल्यावर भरायला लागली.
आणखी एक. जीएसटीच्या नियम 56 खाली कारखानदाराला दर महिन्याचा उत्पादन हिशेब ठेवावा लागतो, किती कच्चा माल वापरला, किती माल झाला, वाया किती गेला. एंट्री विक्रीवर नेली तरी पॅक झालेल्या नगांची नोंद ठेवायचीच आहे. मग काम कमी कुठे झालं?

अकाउंटंट, वेर्णा
हे मी हेडना दाखवते. आमच्याकडे चवथीच्या आधी सुट्टीसाठी दोन हजार पंप जास्त जुळवतात, ते धोरण आहे, मोह नाही. विक्रीवर एंट्री असती तर त्या महिन्यात 2,40,000 चा खर्च जास्त दिसला असता आणि पुढच्या महिन्यात तेवढाच कमी. मालक दर महिन्याचा नफा बघतात, त्यांना हे समजावणं कठीण.
सीलं आज मोजली. पुस्तकापेक्षा 214 कमी निघाली. लाल पेटी उद्यापासून ठेवते.
एक अडतंय. पॅकिंगनंतर काही पंप गिऱ्हाइकाच्या तपासणीत परत येतात. पंप उघडून सील बदलतो आणि पुन्हा पॅक करतो. सिस्टिम त्या पंपाला दुसऱ्यांदा अख्खं बीओएम लावते.

जुना कॉस्टवाला, कुंडई
आधी परत आलेल्या नगाची पहिली एंट्री उलटवायची असं काही जण करतात. मी वेगळा रिवर्क ऑर्डर काढून फक्त बदललेलं सील त्यावर टाकत असे. पण रिवर्कच्या मजुरीला 120 पुन्हा लावायचे की थेट खर्चात टाकायचे, यावर आमचं ऑडिटरशी कधीच जमलं नाही.

सीए, फोंडा
थेट खर्चात. दोनदा बनवलेल्या पंपाची किंमत गिऱ्हाईक दोनदा देत नाही.

जुना कॉस्टवाला, कुंडई
आणि दर महिन्याला ठरावीक टक्के पंप परत येतच असतील तर? मग ते नेहमीचंच नुकसान, ते स्टँडर्डच्या 120 मध्येच असायला हवं. ताई, परत येणाऱ्यांचं प्रमाण किती आहे तेवढं सांगा.