‘कर्तननियंत्रित’ला बरा शब्द आहे का? (आडव्या नळीतली वाफ)

मेळघाटवाली
आमच्याकडे रोशा गवताचं तेल काढणाऱ्या एका गटासाठी कंडेन्सरची पुस्तिका मराठीत करतेय. आडव्या नळीत वाफेचं पाणी होताना उष्णता किती जाते, याची दोन प्रकारची सूत्रं मुळात दिली आहेत: ग्रॅव्हिटी कंट्रोल्ड आणि शिअर कंट्रोल्ड. पहिल्याला ‘गुरुत्वनियंत्रित’ लिहिलं, ते चाललं. दुसऱ्याला ‘कर्तननियंत्रित’ लिहिलं, तर गटातले एक काका म्हणाले, “वाफेत कात्री कुठून आली?” काय लिहू?

शुद्धलेखक
कर्तन हाच रूढ पारिभाषिक शब्द आहे. कात्री आठवते हा वाचकाचा दोष. आणि ‘पाणी होणे’ काय, ‘संघनन’ लिहा.

काटोलचा मास्तर
संघनन विज्ञानाच्या पुस्तकात, भूगोलात मात्र सांद्रीभवन. पोरं दोन्ही पाठ करतात आणि चहाच्या झाकणावरचं पाणी दिसलं की ‘घाम’ म्हणतात.

दूधवाला भाऊ
आमच्या दूध केंद्रातल्या कूलरच्या पाइपाले बाहेरून लय घाम येते, खाली डबकं साचते. तुमचं सूत्र लावता येईन का?

जुना बॉयलरवाला
भाऊ, तुमचं पाणी पाइपाच्या बाहेर आहे आणि हवेतून येतं, ती गोष्ट वेगळी. तिथे पाइपावर फोम गुंडाळा.

ताई, शब्दाआधी नळीत काय होतं ते बघू. वाफ सावकाश येत असेल तर पाणी वरच्या भिंतीवर पातळ थरात धरतं, कडेने ओघळतं आणि तळाशी नाल्यासारखं वाहतं. वाफ जोरात असेल तर ओघळायला सवडच मिळत नाही. ती पाण्याला भिंतीला चोळत पुढे ओढते आणि सगळ्या घेरावर कडं तयार होतं. म्हणून पहिल्या सूत्रात वाफ आणि भिंत यांच्या तापमानातला फरक असतो, वेग नसतो. दुसऱ्यात वेग आणि वाफेचा कोरडेपणा, म्हणजे अजून पाणी न झालेला वाटा, असतो, तापमानफरक नसतो. हातातलं सूत्र कोणत्या जातीचं, ते यावरून ओळखता येतं.

नागपूरचा इंजिनिअर
सोपं आहे. वाफेचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहाचा जोर चिकटपणाच्या तुलनेत किती ते सांगणारा आकडा, 35,000 च्या खाली असेल तर पहिल्या जातीचं, चाटोचं 1962 चं सूत्र, वर असेल तर दुसऱ्या जातीचं, शहांचं 1979 चं. नळीला एकदा ठरवलं की झालं.

जुना बॉयलरवाला
अर्धं बरोबर. 35,000 ही चाटोची मर्यादा नळीच्या तोंडाशी तपासायची असते. ती ओलांडली म्हणजे आख्खी नळी दुसऱ्या सूत्राची झाली, असं नाही.

25 मिमी आतल्या व्यासाची नळी, हवेच्या दाबाची वाफ घ्या. तासाला 10 किलो वाफ असेल तर वेग सेकंदाला साधारण साडेनऊ मीटर, रेनॉल्ड्स अंक सुमारे 11,500. चाटो बिनधास्त लावा. भिंत वाफेपेक्षा 10 अंशांनी थंड असेल तर दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे 9,600 वॅट येतात. फरक 20 अंश केला तर थर जाड होतो आणि आकडा 8,100 च्या आसपास उतरतो.

आता तासाला 40 किलो सोडा. तोंडाशी वेग 38 मीटर, रेनॉल्ड्स 46,000. तिथे ओढ जिंकते. पण पाणी होत जातं तशी वाफ कमी होते. वाफेचा जोर आणि पाण्याचं वजन यांच्या गुणोत्तराचा एक आकडा काढतात: 1.5 च्या वर ओढीचं राज्य, 0.5 च्या खाली वजनाचं, मधे दोघांची भांडणं. या नळीत तो तोंडाशी 1.9 आहे. पाऊण वाफ पाणी झाली की 0.5 च्या खाली येतो. म्हणजे एकाच नळीत दोन्ही सूत्रं लागतात, आणि मधल्या पट्ट्यात कोणतंच मनाजोगं लागत नाही.

मेळघाटवाली
म्हणजे ‘ओढनियंत्रित’?

काटोलचा मास्तर
‘ओघळ सूत्र’ आणि ‘फरफट सूत्र’! आमच्याकडे वाफ पाण्याले फरफटतच नेते म्हणतीन. शिवाय वाफ हा शब्दच बाष्प घासून झालाय.

शुद्धलेखक
उद्या गुरुत्वाकर्षणाला ‘पडापडी’ म्हणाल. आणि ‘सूत्र’ कसं? मुळात कोरिलेशन आहे, म्हणजे सहसंबंध.

नागपूरचा इंजिनिअर
सहसंबंध संख्याशास्त्रात. इथे प्रयोगांच्या आकड्यांवर बसवलेलं सूत्र असतं. ‘अनुभवसिद्ध सूत्र’ म्हणा.

शुद्धलेखक
मग न्यूटनचे नियम काय अनुभवाविना आले?

जुना बॉयलरवाला
तुमचं चालू द्या. ताई, तुमची नळी हौदातल्या उभ्या पाण्यात बुडवलेली आहे ना? मग बाहेरून पाणी नैसर्गिकपणे जेवढं फिरतं तेवढंच. बाहेरचा तसाच वॅटचा आकडा हजाराच्या घरात, बहुतेक खालीच. आतला 8,100 की 9,600, याने एकूण उष्णतेत जेमतेम दोन टक्क्यांचा फरक पडेल. पुस्तिकेत आधी हौदात वाहतं पाणी आणि नळीला उतार लिहा. उतार नसेल तर तळाचं पाणी तुंबतं, नळीचा खालचा भाग हाताला गार लागतो आणि तेवढी नळी वाया जाते.

मेळघाटवाली
उताराचं लिहिते. पण शब्द?

दूधवाला भाऊ
फोम किती जाडीचा घेऊ ते सांगा न बाप्पा.