‘रस्ता द्या’ म्हणजे नक्की कुणी, कुणाला?

मृणाल:
साताऱ्यातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलसाठी शिकाऊ चालकांची मराठी पुस्तिका करते आहे. चार शब्दांवर अडले आहे: डायव्हर्जन, मर्ज, यील्ड आणि नो स्टॉपिंग. प्रतिशब्द सापडतात, पण वर्गात चालत नाहीत. काल एका मुलीला खाली टोक असलेला त्रिकोण दाखवला आणि सांगितलं, याचा अर्थ ‘रस्ता द्या’. ती म्हणाली, “म्हणजे डावीकडे सरकायचं आणि मागच्याला पुढे जाऊ द्यायचं.” मराठी म्हणून तिचं काहीच चुकलेलं नाही. मग शब्द चुकला का?

शिवार:
यील्डला आमच्याकडे ‘उतारा’ म्हणतात. एकरी उतारा किती पडला, असं विचारतात. यंदा सोयाबीनचा उतारा निम्म्यावर आला. ‘उत्पादन’ हा शब्द कागदोपत्री.

मृणाल:
शिवारदादा, हा रस्त्यावरचा यील्ड आहे हो! पण ‘पुढे उतारा आहे’ अशी पाटी लावली तर लोक ब्रेक नक्की दाबतील.

शिवार:
असं होय. मी फक्त शब्द बघून लिहिलं. उताराचा उतारा झाला.

मैलकुली:
बांधकाम खात्यात नोकरी झाली, पाट्या उभारण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून लिहितो. आपल्या पाटीवरचा शब्द यील्ड नव्हे, ब्रिटिश वळणाचा ‘गिव्ह वे’. यील्ड अमेरिकेचा. तिथे टल्सा शहरात १९५० साली तो पहिल्यांदा पाटीवर आला, आणि त्या पाटीवर नुसतं ‘यील्ड’ नव्हतं, ‘आधी जाण्याचा हक्क सोडा’ अशा अर्थाचे पूर्ण शब्द होते. पुढे लोकांना सवय झाली आणि एकच शब्द उरला. आपल्याकडे सवय व्हायच्या आधीच शब्द आखडता घेतला, तिथे घोळ झाला.

त्या मुलीने ‘रस्ता द्या’ ऐकलं ते रुग्णवाहिकेच्या अर्थाने. रुग्णवाहिका मागून येते, आपण बाजूला होतो. त्रिकोणाच्या पाटीचा मागच्याशी संबंधच नाही. तुम्ही ज्या रस्त्याला मिळणार आहात, त्यावरून आडवी येणारी वाहनं आधी जाणार, एवढंच ती सांगते. म्हणून मी वर्गात ‘रस्ता द्या’ म्हणणार नाही. ‘मुख्य रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्या’ म्हणेन. लांब आहे, पण कुणी, कुणाला, हे त्यात येतं.

काटेकोर:
‘आधी जाऊ द्या’ हेही मोघमच आहे. नियम सरळ आहे: त्रिकोण दिसला की गाडी पूर्ण थांबवायची, दोन्हीकडे बघायचं, मग निघायचं. मी परीक्षेत असंच केलं आणि पास झालो.

मैलकुली:
पास झालात कारण थांबण्यात चूक नव्हती. सक्ती मात्र नाही. पूर्ण थांबण्याची सक्ती अष्टकोनी लाल पाटीची. तिथे रस्ता मोकळा असला तरी चाक थांबलंच पाहिजे. त्रिकोणापाशी वेग इतका कमी करायचा की गरज पडली तर रेषेच्या अलीकडे थांबता येईल. कुणी येत नसेल तर न थांबता जाता येतं. येत असेल तर थांबायचं, आणि त्याला ब्रेक मारायला न लावता निघता येईल तेव्हाच निघायचं. समोरच्याला ब्रेक लागला की समजायचं, आपण आधी जाऊ दिलं नाही.

या दोन पाट्यांचे आकार इतर कशालाच दिलेले नाहीत. त्यामुळे वर वाढदिवसाचं पोस्टर चिकटवलेलं असलं किंवा पाटी धुळीने माखलेली असली तरी नुसत्या आकारावरून ओळखता येते, मागच्या बाजूनेसुद्धा. पुस्तिकेत एकदा कोरा आकार काढून विचारा, बघा किती जण सांगतात.

टेम्पोवाला_इचलकरंजी:
सायेब बरोबर बोलले. पण पाटीच नसली तर? आमच्याकडं निम्म्या फाट्यांवर नाही.

मैलकुली:
मुख्य रस्ता ठरलेला असेल तर त्यावरच्यांना आधी. दोन्ही सारखेच असतील तर तुमच्या उजव्या हाताने येणाऱ्याला आधी. हा नियम कागदावर जुना आहे. चौकात किती जण पाळतात, ते तुम्हीच सांगा.

टेम्पोवाला_इचलकरंजी:
ज्याचा बंपर मोठा त्याला आधी.

मृणाल:
बंपरचा नियम पुस्तिकेत घेत नाही. आता नो स्टॉपिंग. मी ‘वाहने उभी करू नयेत’ असं लिहिलं होतं. शाळेचे मालक म्हणाले, ते तर नो पार्किंगचं भाषांतर.

काटेकोर:
बरोबर. नो पार्किंग म्हणजे ‘उभी करू नये’, नो स्टॉपिंग म्हणजे ‘थांबू नये’. संपलं.

टेम्पोवाला_इचलकरंजी:
संपलं न्हाई. “अण्णा, जरा गाडी उभी करा, पोरगं उतरतंय” असं बायको म्हणते तेव्हा मी पार्किंग करतो काय? उभी करणं म्हणजे थांबवणंच की. पार्किंगला आम्ही ‘लावणं’ म्हणतो. गाडी कुठं लावली? देवळामागं लावली.

आणि माझी स्वतःची गोष्ट. एका शहरात निळ्या गोलात लाल फुली होती. मी इंजिन चालू ठेवून सीटवर बसलेलो, हमाल दोन पोती उतरवत होता. पोलिसाने पावती फाडली. मी म्हटलं, लावली नाही, नुसता थांबलोय. तो म्हणाला, तेच तर मना आहे!

मृणाल:
‘लावणं’! हे कसं सुचलं नाही. म्हणजे एका तिरक्या रेघेच्या पाटीला ‘गाडी लावू नये’ आणि फुलीच्या पाटीला ‘गाडी थांबवूही नये’.

काटेकोर:
‘थांबवू’ कशाला? ‘थांबू नये’ पुरेसं आहे.

मृणाल:
‘येथे थांबू नये’ म्हटलं की माणूस आला. घोळका करणाऱ्या मुलांनाही तेच म्हणतात. गाडी हवीच. पण ‘वाहन थांबवू नये’ याचा अर्थ दुसऱ्याचं वाहन अडवू नये असाही कुणी घेईल, ती धाकधूक आहेच.

श्टुटगार्टकर:
जर्मनीतही हीच दोन चित्रं: एक रेघ आणि फुली. त्यांच्या कायद्याने फरक असा केला आहे: चालक गाडी सोडून गेला, किंवा तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबला, की ते पार्किंग. एका रेघेखाली माणूस उतरवायला किंवा सामान चढवायला थांबता येतं. फुलीखाली तेही नाही. इथे नवीन असताना मी फुलीखाली ‘दोनच मिनिटं’ थांबलो होतो. दंड भरला तेव्हा फरक पक्का कळला.

मैलकुली:
उदाहरण चांगलं आहे, पण ती तीन मिनिटं आपल्या पुस्तिकेत नकोत. मुलं घड्याळ लावून बसतील. इथे सांगायचं ते असं: फुली असेल तिथे प्रवासी उतरवायला, फोन घ्यायला, पत्ता विचारायलाही थांबायचं नाही. सिग्नल, पुढची कोंडी, पोलिसाचा हात किंवा गाडी बंद पडणं यासाठी थांबावं लागलं तर तो भंग नाही. एकाने मला विचारलं होतं, “फुली आहे, मग पुढे लाल दिवा असला तरी जायचं का?” विनोद नव्हता, त्याने ‘थांबू नका’ शब्दशः घेतलं होतं.

श्टुटगार्टकर:
मर्जबद्दलही सांगतो. इथे त्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि नियम उलटे आहेत. लेन संपत असेल तर शेवटपर्यंत जायचं आणि अरुंद होतं तिथे एक यातला, एक त्यातला, चेनच्या दातांसारखं. पण महामार्गावर बाहेरून चढताना हे चालत नाही. तिथे महामार्गावरच्याचा हक्क पहिला, चढणाऱ्याने फट शोधायची. इंग्रजीत दोन्हींना मर्जच म्हणतात, म्हणून पुण्याहून आलेले मित्र हमखास गोंधळतात.

मृणाल:
मग ‘मिसळा’ लिहू? ‘विलीन व्हा’ तर नकोच, कुणी तरी वारल्यासारखं वाटतं.

शिवार:
ओढा नदीला मिळतो तसा रस्ता रस्त्याला मिळतो. ‘डावीकडून रस्ता येऊन मिळतो.’

मैलकुली:
शिवारदादांनी अचूक पकडलं. ती पाटी मुख्य रस्त्यावरच्याला सावध करते: डावीकडून गाड्या येऊन मिळणार आहेत. त्याने आरशात बघून जमलं तर उजवीकडची लेन धरायची. मिळणाऱ्याने मात्र मुख्य रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्यायचं. एकाच जागी दोघांना दोन कामं, म्हणून एका क्रियापदात ते बसत नाही.

आता चूक कुठे होते ते बघा. द्रुतगती मार्गावर डावीकडून चढताना नवखा माणूस घाबरून जोडलेनच्या टोकाला जाऊन थांबतो. समजा मागून गाडी ताशी ८० ने येते आहे, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तुम्ही लेनमध्ये ४० च्या वेगाने शिरून वेग वाढवत गेलात, तर साधी गाडी सात-साडेसात सेकंदांत ८० ला पोहोचते. तेवढ्या वेळात तुम्ही सव्वाशे मीटर जाता, मागचा १६५. तो तुमच्या फक्त ४० मीटर जवळ येतो. टोकाला थांबून शून्यावरून निघालात, तर पंधरा सेकंद लागतात. तुम्ही १६५ मीटर गेलात, तो ३३० गेला. म्हणजे मागची फट १६५ मीटरने खाल्ली गेली. एवढी मोठी फट दिवसा मिळत नाही. म्हणून अंदाज लेनच्या सुरुवातीला घ्यायचा आणि हळू व्हायचं तर तिथेच व्हायचं. शेवटच्या वीस मीटरात नाही.

काटेकोर:
पण फट मिळालीच नाही आणि लेन संपली तर थांबावंच लागेल ना?

मैलकुली:
लागेल. तिथे तुमचं बरोबर आहे. मग लांबलचक फटीची वाट बघायची, घुसायचं नाही.

टेम्पोवाला_इचलकरंजी:
आमच्यात ‘घुसणं’ हाच शब्द आहे. भरलेला टेम्पो ८० ला जातच न्हाई, मग काय करणार!

मृणाल:
टेम्पोवाल्यांसाठी वेगळं पान लागेल. डायव्हर्जनला ‘वळण रस्ता’ लिहू का? पाट्यांवर तसंच दिसतं.

मैलकुली:
वळण शब्दावर आधीच फार ओझं आहे. ‘पुढे वळण आहे’ म्हणजे रस्ताच वाकतो. ‘बाह्यवळण’ म्हणजे गाव टाळून जाणारा कायमचा रस्ता. आणि मोरीचं काम चालू असताना शेजारून काढलेला मातीचा तात्पुरता रस्ता तोही वळण रस्ता. रात्री चालक ‘वळण’ एवढंच वाचतो, साधा बाक समजून वेग राखतो आणि पुढे बॅरिकेड दिसतं. मी ‘रस्ता बंद, बाणाने जा’ असं लिहायचो. दहा-बारा किलोमीटरचा फेरा असेल तर ‘पर्यायी मार्ग’ आणि पुढच्या गावाचं नाव. गावाचं नाव नसेल तर लोक दुसऱ्या फाट्यावर परत चुकतात.

टेम्पोवाला_इचलकरंजी:
आणि बाण वाऱ्याने फिरतो ते? मागच्या पावसाळ्यात मी बाणाने गेलो ते थेट एका गोठ्यात.

मृणाल:
आज त्या मुलीला नवीन वाक्य वाचायला दिलं. ‘मुख्य रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्या.’ लगेच बरोबर सांगितलं. मग विचारते, “समोरच्या गल्लीलाही त्रिकोण असेल आणि आम्ही दोघं थांबलो, तर आमच्यात आधी कोण?”

मैलकुली:
मुख्य रस्ता मोकळा झाला की सरळ जाणारा आधी, उजवीकडे वळणारा नंतर. वेगळं चित्र काढा त्याला.

टेम्पोवाला_इचलकरंजी:
आणि दोघंबी उजवीकडं वळणारे असले तर?