पुन्हा: तातडीचं! कुकरच्या रिंगला वास, शिट्टीही होईना

मंजिरी, इंदिरानगर, नाशिक

सगळ्यांना नमस्कार. घाईत लिहितेय. परवा बाबांचं वर्षश्राद्ध आहे आणि आम्ही कालच पोचलो. घर आठ महिने त्या पोरांना भाड्याने दिलं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. बाकी सगळं ठीक आहे, पण आईंचा पाच लिटरचा कुकर उघडला तर बोंबील, लसूण आणि कुबट असा तिहेरी वास! झाकण रिंगसकट लावूनच फडताळात ठेवलं होतं. रिंग साबणाने तीनदा घासली. ओली असताना वास जातो, वाळली की परत येतो.

त्यात आज सकाळी नुसतं पाणी घालून लावला तर शिट्टीच होईना. कडेने फुसफुस वाफ येत होती. आईंनी शिट्टी उचलून पाहिली, काहीच आलं नाही, म्हणून त्या झाकण उघडायला निघाल्या होत्या. मी गॅस बंद करून थांबवलं. परवाचं वरण आणि पुरण याच कुकरमध्ये करायचं होतं. कांदा-लसणाचा वास चालणार नाही. कोणाला उपाय माहीत आहे?

वैशाली

मंजू, सोप्पं आहे गं. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र कर, जो फेस येतो त्यात रिंग आणि झाकण दोन्ही रात्रभर बुडवून ठेव. फेस सगळी घाण वर काढतो. माझी आई हेच करायची, फक्त व्हिनेगरच्या जागी चिंच.

हेमंत

माझ्या इलेक्ट्रिक कुकरची पांढरी सिलिकॉनची रिंग अशीच वासाची झाली होती. ओव्हनमध्ये १२० अंशांवर अर्धा तास ठेवली, वास गेला. मग चीजकेक केला, त्याला सांबाराचा वास आला नाही. आईंकडे ओव्हन आहे का? नसेल तर तवा चालेल असं वाटतं. बाय द वे, इलेक्ट्रिकची रिंग नाशिकला मिळते का? येताना दोन आणशील?

नंदाताई

ही मंडळाची ईमेल यादी कार्यक्रमांसाठी आहे, हे मी मागेही लिहिलं होतं. तरी मंजिरीचं काम अडलंय म्हणून चालवून घेते. विषय निघालाच आहे तर विचारते: गणपतीला महाप्रसादासाठी नेलेल्या मंडळाच्या दहा लिटरच्या कुकरची शिट्टी अजून परत आलेली नाही. ज्याने नेली त्याला माहीत आहे.

शरदकाका, सध्या नाशिकरोड

मंजिरी, आधी महत्त्वाचं. शिट्टी उचलून वाफ आली नाही म्हणजे आत दाब नाही, असं समजू नये. शिट्टीखालची नळी तुंबली असेल तर वाफ बाहेर येणारच नाही, पण कुकर आतून भरलेला असतो. वाफेची वाट बंद झाली की ती रिंगच्या कडेने निघते, नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. आईंचा कुकर आतल्या झाकणाचा आहे का, म्हणजे झाकण तिरकं करून आत घालावं लागतं? तो दाब असताना सहज उघडत नाही, म्हणून नशीब. बाहेरून फिरवून बसवायच्या झाकणाच्या बाबतीत असं धाडस कधी करू नका. गॅस बंद करायचा आणि स्वतःहून गार होऊ द्यायचा. घाई असेल तर झाकणावर नळाचं पाणी सोडायचं.

आता वास. मी सातपूरला रबराच्या कामात बावीस वर्षं काढली, त्यामुळे एवढं सांगू शकतो की हा वास रिंगच्या वर बसलेला नाही, तो आत मुरलाय. लसूण-कांद्याचा उग्र भाग तेलात विरघळणारा असतो आणि रबर तो तेलासारखाच शोषून घेतं. साबण फक्त वरचा थर काढतो. वाळल्यावर आतला वास पुन्हा वर येतो, तुझ्या लक्षात आलंच आहे. त्याला बाहेर काढायचं तर ऊब आणि मोकळी हवा लागते.

हेमंतचं सिलिकॉनसाठी बरोबर आहे. पण आईंची रिंग काळी असणार. ती ओव्हनमध्ये किंवा तव्यावर घालायची नाही, कोरड्या आचेने कडक होते. ओल्या उष्णतेला ती सरावलेली आहे, रोज शिजतानाच साधारण १२० अंशांपर्यंत जाते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळवायचं, रिंग त्यात टाकायची, वर झाकण ठेवायचं नाही, दहा मिनिटं उकळायचं. ते पाणी फेकून पुन्हा एकदा तसंच. मग पुसून पंख्याखाली रात्रभर टांगून ठेवायची. उन्हात नको, काळं रबर उन्हाने तडकतं.

वैशाली, रागावू नकोस, पण सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की एकमेकांना मारतात. तो फेस नुसता वायूचा असतो. आणि सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमचं झाकण रात्रभर ठेवलंस तर सकाळी काळं होईल. चिंचही रात्रभर नको, धातू खाते.

वैशाली

काका, रागावले नाही, पण आमच्याकडे तीस वर्षं चिंच लावली आणि कुकर अजून चकचकीत आहे. घासून लगेच धुतो, रात्रभर ठेवत नाही. रात्रभर हे मी चुकून लिहिलं.

अनिकेत

नवीन कुकर का घेत नाही? एवढी चर्चा!

मंजिरी

अनिकेत, आईंच्या लग्नातला आहे. पुढचं बोलू नकोस.

काका, झाकण आतलंच आहे, रिंग काळी. उकळून दोन पाण्यांतून काढलीय. आता एक प्रश्न: अजून वास येतोय, पण कुठून हेच कळत नाही. सगळं स्वयंपाकघरच वासाचं वाटतंय.

शरदकाका

नाक थकतं, म्हणून वेगळं करून बघायचं. रिंग वाळली की स्टीलच्या एका डब्यात बंद कर. झाकण, शिट्टी काढून, एका स्वच्छ पिशवीत बांध. शिट्टी तिसऱ्या डबीत. तासभर थोडं उबदार जागी ठेव, मग बाहेर अंगणात जाऊन एकेक उघड आणि हुंग. ज्यातून वास येईल तो खरा चोर.

हेमंत

काका, मग इलेक्ट्रिकमध्ये पण असंच करायचं का? माझ्या झाकणाखाली एक छोटी जाळी आहे.

मंजिरी, रात्री

केलं! रिंगेच्या डब्यात हलका वास राहिलाय, लसणापेक्षा रबराचाच जास्त. पण झाकणाची पिशवी उघडली आणि आईंनी नाकाला पदर लावला. शिट्टीच्या डबीत तर बोंबीलच! म्हणजे इतका वेळ मी रिंगेच्या मागे लागले होते, आणि खरी घाण नळीत आणि शिट्टीच्या पोकळीत होती. ट्यूबलाइटसमोर झाकण धरून नळीतून पाहिलं तर उजेड दिसतच नाही. आता सुई घालू का?

सुलभामावशी, कॉलेज रोड

अगं सुई नको घालूस! माझी शिवणाची सुई नळीत मोडली होती. मग भांड्यांच्या दुकानात झाकण घेऊन गेले तर त्याने अख्खी नळीच बदलली, आणि वर बोलला, "मावशी, कुकर आहे, फाटकी चोळी नाही." तेव्हापासून मी खराट्याची काडी वापरते. ती मोडली तरी मऊ असते, ढकलून काढता येते.

शरदकाका

मावशींचं बरोबर आहे. आधी झाकण वीस मिनिटं भांड्यांच्या साबणाच्या गरम पाण्यात भिजू दे. आत जे चिकटलंय ते डाळीच्या फेसाचं वाळलेलं पुट आहे. कोरडं टोकरलं तर दगडासारखं लागतं, भिजलं की चिखल होतो. मग काडी आतल्या बाजूने घालून वरच्या दिशेने ढकल, म्हणजे कचरा बाहेर पडेल. वरून ढकललास तर तो आत जमतो. खिळा, तार, ड्रिल काही नको. भोक मोठं झालं तर शिट्टीचं वजन आणि नळीचं गणित बिघडतं.

मग नळाखाली धर. पाण्याची सरळ, अखंड धार खाली पडली पाहिजे. थेंब थेंब पडलं तर अजून अडकलंय. पांढरा क्षार असेल, बोअरच्या पाण्याने होतो, तर लिंबाचा रस दहा मिनिटं, नंतर लगेच धुऊन टाक. शिट्टीची पोकळी जुन्या टूथब्रशने घास.

नळीला खालून नट असतो, त्याच्या कडेलाही खरकटं साचतं. टूथब्रशनेच काढ. नट घट्ट असेल तर पाना लावू नकोस. एकदा सैल झाला की तिथूनच वाफ गळते आणि मग नवा त्रास.

शेवटी परीक्षा. दोन पेले पाणी घाल, रिंग लाव, झाकण लाव, शिट्टी मात्र लावू नकोस. नळीतून सरळ जोराची वाफ आली की मगच शिट्टी ठेव. हे रोजच करायचं असतं. वाफ नळीतून आली नाही की त्या दिवशी कुकर लावायचा नाही.

मंजिरी

निघाला! काळ्या दोऱ्यासारखा गोळा. आई म्हणाल्या, "एवढंसं आणि एवढा वास!" धार अखंड पडतेय, वाफही सरळ आली, तीन शिट्ट्या झाल्या. पण एक शंका राहिलीच. रिंग मी वाकवून बघितली तर आतल्या कडेला बारीक भेगा आहेत. अजून सांभाळावी का?

शरदकाका

नाही. भेगा म्हणजे आयुष्य संपलं. उद्या भांडी बाजारात जुनी रिंग हातात घेऊन जा, नुसतं "पाच लिटर" सांगू नकोस. त्याच लिटरच्या दोन कुकरांच्या रिंगा वेगळ्या असतात. कुकर ज्या कंपनीचा, तिचीच घे. दोन घे. एक कांदा-लसणाची, एक सोवळ्याची. वेगवेगळ्या टांगून ठेवा. झाकणात लावून कधीच ठेवायची नाही, झाकण उलटं ठेवा.

सुलभामावशी

आणि नव्या रिंगेला थोडं तेल लाव, छान बसते.

शरदकाका

तेल नको. तेलानेच वास धरतो.

सुलभामावशी

आमच्याकडे लावतातच.

मंजिरी

नवी रिंग आणली. पण आई म्हणाल्या, उद्याचं पुरण पातेल्यातच शिजवू, कुकरला एक आठवडा श्वास घेऊ दे. म्हणून हरभऱ्याची डाळ आजच भिजत घातलीय. सगळ्यांचे आभार.

नंदाताई

छान झालं. शिट्टीचं अजून कोणी उत्तर दिलं नाही.

हेमंत

नंदाताई, माझ्याकडे एक आहे, पण ती आमच्या कुकरला बसत नाही, म्हणून मला वाटलं ती सुटी कुठूनतरी आली असेल. मंजिरी, आणि ती इलेक्ट्रिकची रिंग?