मदत हवी आहे: ब्लॉक बूटस्ट्रॅपमध्ये ब्लॉकची लांबी किती घ्यावी?

माझ्याकडे रोजच्या तापमानाच्या 400 नोंदी आहेत. त्यातून ऋतूंचा परिणाम काढून टाकला आहे. मला सरासरीची प्रमाण त्रुटी हवी आहे. साध्या बूटस्ट्रॅपचं उत्तर मला फार लहान वाटलं, म्हणून आधी कृत्रिम मालिकेवर तपासलं: AR(1), सहगुणक 0.6, प्रमाण विचलन 1.

साध्या बूटस्ट्रॅपने सुमारे 0.05 दिलं. खरी त्रुटी 0.10 च्या जवळ, म्हणजे दुप्पट. कारण उघड आहे. एकेक नोंद सुटी उचलली की आजच्या उष्म्याचा उद्याशी असलेला धागाच तुटतो. 400 नोंदींमध्ये माहिती जेमतेम 100 स्वतंत्र नोंदींइतकी असते, पण साधा बूटस्ट्रॅप त्या पूर्ण 400 धरतो.

मग सलग तुकडे उचलले:

```
library(boot)
b <- tsboot(x, mean, R = 2000, l = 8, sim = "fixed")
sd(b$t)
```

400 चं घनमूळ साडेसातच्या आसपास, म्हणून `l = 8`. अनेक मालिकांवर उत्तर सरासरी 0.09 च्या थोडं खाली येतं, कारण प्रत्येक सांध्यावर धागा तुटतोच. `l = 20` घेतल्यावर 0.092 च्या आसपास जातं, पण तुकडे फक्त 20 उरतात आणि उत्तर मालिकेगणिक बरंच हलतं.

खऱ्या मालिकेत सहगुणक आधी माहीत नसतो. अशा वेळी तुम्ही `np` मधलं `b.star` वापरता, की वेगवेगळ्या `l` साठी त्रुटी काढून ती कुठे स्थिरावते ते बघता? आणि ती स्थिरावतच नसेल, तर दोष लांबीचा की मालिकेत कल शिल्लक आहे, हे कसं ओळखता?