अनुभव धागा: क्रीडा महोत्सवाचं निवेदन, संचलन आणि शपथ

मराठीची शिक्षिका, शिवाजी पेठ

आमच्या शाळेचा क्रीडा महोत्सव दोन आठवड्यांवर आलाय आणि उद्घाटनाचं निवेदन यंदा माझ्याकडे आहे. स्नेहसंमेलनाचं निवेदन मी बऱ्याचदा केलंय, मैदानावरचं पहिल्यांदाच. काल तालीम झाली. पहिलं पथक व्यासपीठाजवळ आलं तेव्हा मी पन्हाळा गटाची माहिती वाचत होते, नेमक्या त्याच वेळी पथकप्रमुख मुलीनं 'दाहिने देख' दिला. माझ्या आवाजात तो बुडाला. पुढच्या दोन रांगांनी मान वळवली, मागच्या सहा सरळ बघत गेल्या. मुलगी रडवेली झाली, आणि चूक तर माझी होती.

चार गट आहेत: पन्हाळा, विशाळगड, रांगणा, भुदरगड. प्रत्येकी चोवीस मुलं, तीन-तीनच्या आठ रांगा. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी आपापला अनुभव लिहा. विशेषतः संचलनात कधी बोलायचं, कधी थांबायचं, आणि शपथ कशी द्यायची.

निवृत्त क्रीडाशिक्षक, कागल

मॅडम, बहुतेक निवेदक पथक येताना बोलतात आणि समोर आलं की थांबतात. तिथंच गडबड होते, कारण हुकूम पथक येतानाच सुटतो. मी माझ्या निवेदकांना उलटं शिकवायचो: हुकूम आधी, तुम्ही नंतर.

तुमचाच हिशोब मांडतो. आठ रांगांचं पथक म्हणजे साधारण दहा मीटर लांबी. दोन पथकांत बारा मीटर अंतर ठेवा. शाळेतल्या मुलाचं पाऊल दोन फुटांचं आणि मिनिटाला ११५ पावलं धरली, तर मुलं मिनिटाला ७० मीटर चालतात. म्हणजे एका पथकाच्या ध्वजापासून पुढच्या पथकाच्या ध्वजापर्यंत १९-२० सेकंद.

आता व्यासपीठाच्या अलीकडे दहा पावलांवर फक्कीची एक रेषा मारा. ध्वजवाहक तिथं पोचला की पथकप्रमुखाचा 'दाहिने देख'. नावासकट त्याला तीन सेकंद लागतात. शेवटची रांग व्यासपीठाच्या पुढं गेली की 'सामने देख', तो येतो सोळाव्या सेकंदाच्या आसपास. लगेच पुढच्या पथकाचा हुकूम. या दोन हुकुमांच्या मध्ये तुम्हाला दहा सेकंद मिळतात. मैदानावर सावकाश, स्पष्ट बोललात तर त्यात अठरा-वीस शब्द बसतात. जास्त लिहू नका.

आणि कागदाकडे बघून वेळ साधू नका. गटाचा ध्वज मानवंदनेत झुकला की बोला, शेवटची रांग व्यासपीठाच्या मध्यावर यायच्या आत थांबा. चाळीस वाक्यं पाठ असलेला निवेदकही ध्वजाकडे बघत नसेल तर चुकतो.

माजी विद्यार्थी, राजारामपुरी

मी कॉलेजात एक वर्ष एनसीसीला होतो. हुकूम मुलांना झेपत नसतील तर निवेदकानंच माईकवरून द्यावेत, सगळ्यांना ऐकू जातात. दुसरं म्हणजे 'दाहिने देख'ला सगळ्यात उजवीकडची उभी ओळ मान वळवत नाही, ती सरळच बघते, हे मुलांना सांगा. आणि पाहुण्यांसमोर तिरंग्यासकट सगळे ध्वज एकदम झुकले पाहिजेत, तरच मानवंदना पूर्ण होते.

निवृत्त क्रीडाशिक्षक, कागल

उजव्या ओळीचं अगदी बरोबर. त्या मुलांनी मान वळवली तर सगळी ओळ व्यासपीठाकडे ओढली जाते.

तिरंग्याचं मात्र चूक आहे, दादा. राष्ट्रध्वज कुणाही व्यक्तीसमोर किंवा वस्तूसमोर झुकवायचा नसतो, ध्वजसंहितेत तसं स्पष्ट आहे. झुकतात ते गटांचे आणि शाळेचे ध्वज. संचलनात तिरंगा असेल तर तो समोरून जाताना पाहुण्यांसकट सगळ्यांनी उभं राहायचं असतं. म्हणून तिरंगा निघायच्या आधी निवेदनात एक वाक्य हवंच: "उपस्थितांनी कृपया उभं राहावं." हे वाक्य विसरलं की पुढच्या खुर्च्या बसून राहतात आणि मागचे उभे राहतात.

माईकवरून हुकूम देण्याविषयी: हुकूम बरोबर पावलावर सुटावा लागतो, 'देख' डावं पाऊल टेकताना. तुम्ही व्यासपीठावरून ते पाऊल धरू शकत नाही. शिवाय पथकप्रमुखाचं कामच काढून घेतल्यासारखं होतं.

साऊंडवाला, मंगळवार पेठ

ताई, आमचं हेच काम हाय, शाळांचे कार्यक्रम लई केल्यात. एक गोष्ट कुणी इचारत न्हाई म्हणून सांगतो. व्यासपीठावर एक कर्णा आनि मैदानाच्या पल्याड दुसरा कर्णा लावायला सांगत्यात. तसं करू नका. आवाजाला शंभर मीटर जायला पाव सेकंदापेक्षा जास्त लागतंय. पोरांचं पाऊल अर्ध्या सेकंदाचं. म्हंजे लांबच्या कडंच्या पोरांला ढोलाचा ठोका अर्ध्या पावलानं मागं ऐकू येतोय. दोन्हीकडनं कर्णे लावले की दोन ठोके ऐकू येत्यात, मग मधल्या पोरांनी कुठला धरायचा? गेल्या वर्षी एका शाळेत सगळी पथकं अशी हालली. पीटीचे सर पोरांवर चिडले, पोरांचा काय दोष न्हवता.

ढोल माईकवर घेऊच नका. ढोलवाल्याला मैदानाच्या मधोमध उभा करा, समद्या पोरांपासून सारखा लांब. कर्णे सगळे व्यासपीठाकडनं एकाच दिशेला. आनि तुमचा माईक तोंडापासून चार बोटं लांब धरा, 'प' आनि 'फ'ला फुटतोय.

पालक, रुईकर कॉलनी

माझा मुद्दा जरा वेगळा आहे. माझी मुलगी पाचवीत असताना उद्घाटनातच चक्कर येऊन पडली. मुलं संचलन करून मैदानात उभी होती, भाषणं सुरू झाली, आणि त्यांना कुणी विश्राम दिलाच नव्हता. अकरा वाजले होते. ती सावधानमध्ये गुडघे ताठ ठेवून पंचवीस मिनिटं उभी होती, कारण "हलायचं नाही" असं सांगितलं होतं. नंतर मला कळलं की संचलनप्रमुख निवेदकाच्या सूचनेची वाट बघत होता आणि निवेदकाच्या कागदावर ती सूचनाच नव्हती.

मराठीची शिक्षिका, शिवाजी पेठ

ताई, माझ्या कागदावरही नाही. आत्ताच लिहून घेते.

निवृत्त क्रीडाशिक्षक, कागल

स्वागताच्या आधी लिहा: "संचलनप्रमुखांना विनंती, पथकांना विश्राम द्यावा." शपथेच्या आधी पुन्हा सावधान. भाषण लांबणार असेल तर मुलांना खाली बसवा, त्यात शिस्त मोडत नाही.

सूत्रसंचालक, जयसिंगपूर

पाहुण्यांच्या स्वागतासाठी चारोळ्या हव्यात का? माझ्याकडे क्रीडेवरच्या बऱ्याच आहेत.

मराठीची शिक्षिका, शिवाजी पेठ

बक्षीस समारंभाला नक्की मागेन, सर. उद्घाटनाला जागा नाही.

शिक्षिका, इचलकरंजी

शपथेबद्दल लिहिते. आमच्याकडे आधी "मी शपथ घेतो की" अशी शपथ होती. ती देणारी मुलगी होती म्हणून तिनं "घेते" म्हटलं, मागून अर्ध्या मैदानानं "घेतो" म्हटलं, आणि पहिल्याच ओळीत गोंधळ झाला. त्याच्या आदल्या वर्षी "मी" नंतर देणाऱ्या मुलानं आपलं नाव घेतलं, तर दोनशे मुलांनी त्याचंच नाव उच्चारलं. तेव्हापासून आम्ही शपथ "आम्ही"वर आणली. "आम्ही घेतो" मुलामुलींना सारखंच, आणि नावाचा प्रश्नच उरत नाही.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. एका दमात मुलांना चार-पाच शब्दच पेलतात. आमची शपथ अशी आहे, तिरप्या रेघेवर थांबायचं:

"आम्ही शपथ घेतो की / या क्रीडा महोत्सवात / आम्ही खेळाचे नियम पाळू / पंचांचा निर्णय मान्य करू / प्रतिस्पर्ध्याचा आदर करू / आणि खिलाडूवृत्तीनं खेळून / आमच्या शाळेचा मान राखू."

सात तुकडे. तुकडा संपला की शपथ देणाऱ्यानं मनात तीन अंक मोजायचे, कारण मागच्या मुलांचा आवाज जरा उशिरा येतो. न मोजता पुढचा तुकडा सुरू केला की मैदानाचा आवाज त्यावर चढतो आणि चौथ्या तुकड्यापासून मुलं नुसतीच गुणगुणतात. ते ऐकू आलं की समजायचं, घाई झालीय.

शपथ संपल्यावर "हात खाली" हे निवेदकानं म्हणायचं की संचलनप्रमुखानं, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. मुलं हात वर ठेवून एकमेकांकडे बघत राहतात.

माजी विद्यार्थिनी, कसबा बावडा

"घेतो-घेते"चं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या बावड्यात मुलीही सर्रास "मी जातो", "मी आलो" म्हणतात. मी शाळेत शपथ दिली तेव्हा "घेतो" म्हटलं, कुणाला काहीच वाटलं नाही. पुण्याहून बदलून आलेल्या मॅडमनी मात्र नंतर बोलावून माझं व्याकरण काढलं. मला फार लागलं होतं ते. "आम्ही" केलंत हे बरं केलंत.

क्रीडाशिक्षक, गडहिंग्लज

क्रमाबद्दल. आमच्याकडे संचलन, ध्वजारोहण, शपथ, ज्योत, आणि मग पाहुण्यांनी "उद्घाटन झालं असं मी जाहीर करतो" म्हणायचं. ऑलिंपिकमध्ये सहसा उद्घाटनाची घोषणा आधी आणि शपथ नंतर असते. १९२० साली अँटवर्पला खेळाडूंची शपथ पहिल्यांदा झाली, तेव्हापासून ती समारंभाचा भाग आहे. पण शाळेत पाहुण्यांची घोषणा शेवटी ठेवली की फुगे सोडणं, टाळ्या आणि पहिली शर्यत एकाला लागून येतात, म्हणून मी तसंच ठेवतो.

ज्योतीच्या वेळी आमच्या निवेदनात एकच वाक्य असतं: १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे पैलवान खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. ज्योत धावत असताना एवढंच, बाकी शांतता.

निवृत्त क्रीडाशिक्षक, कागल

ज्योतीबद्दल सहमत. क्रमाबद्दल नाही. उद्घाटनच झालेलं नसताना खेळाडूंनी कसल्या खेळांची शपथ घ्यायची? माझ्या शाळेत घोषणा आधीच असायची.

क्रीडाशिक्षक, गडहिंग्लज

सर, शपथ घेतल्याशिवाय खेळ सुरू झाले म्हणायचे तरी कसे? मी माझा क्रम ठेवतो.

मराठीची शिक्षिका, शिवाजी पेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पन्हाळा गटाचा आख्खा परिच्छेद काढून टाकला. आता कागदावर एवढंच आहे:

*(थांबा. 'दाहिने देख' होऊ द्या. ध्वज झुकला की:)*
"हा पन्हाळा गट. भगव्या ध्वजाखाली चोवीस खेळाडू. गेल्या वर्षीचा खो-खोचा विजेता गट. पन्हाळा गटाची प्रमुख पाहुण्यांना मानवंदना."
*(गप्प. शेवटची रांग. 'सामने देख'.)*

घड्याळ लावून वाचलं, साडेआठ सेकंद भरले. आज संध्याकाळी मैदानावर फक्कीची रेषा मारून घेतली आणि पल्याडचा कर्णा काढायला सांगितला. चारही पथकं तिथून नेली. विशाळगडच्या वेळी मी अर्धा सेकंद उशिरा थांबले, पण हुकूम ऐकू आला आणि आठही रांगांच्या माना वळल्या. कालच्या त्या मुलीनं परत येऊन विचारलं, "मॅडम, आज माझा आवाज आला का?"

शपथेआधी घोषणा की घोषणेआधी शपथ, हे मुख्याध्यापिका सोमवारी ठरवणार आहेत. तोवर एक सांगा: "हात खाली" तुमच्याकडे कोण म्हणतं?